काटा पन्नासवरच होता

आमच्या गॅरेजमध्ये येणारा माणूस गाडीबद्दल खोटं बोलत नाही, फक्त निम्मं सांगतो. "काही केलं नाही हो ताई, आपोआप लागला दिवा." या वाक्यावर मी वाद घालत नाही. स्कॅनरची वायर लावते आणि गाडीलाच विचारते. हत्यारं दादाची आणि कॉम्प्युटर माझा, अशी आम्हा भावाबहिणीची वाटणी आहे. दादा म्हणतो, तू गाड्यांना चहाड्या करायला लावतेस. लावते. त्यांनाच तेवढं कुणी विचारत नाही.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आले आणि त्यांनीही हेच वाक्य म्हटलं, तेव्हा मात्र मला आश्चर्य वाटलं. मास्तर म्हणजे शिस्त. या भागातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आहे, त्यात मीही आले. चाळीस म्हणजे चाळीस, एकेचाळीस म्हणजे बेशिस्त, आणि आरशात न बघता लेन बदलली की मान मुरगळल्यासारखा चेहरा करायचे.

गाडी चालवत होत्या काकू, म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर शेजारच्या सीटवर होते, शिकवणाऱ्यासाठी तिथे बसवलेल्या खास ब्रेकवर पाय ठेवून. फाटकातून वळताना पुढच्या चाकाने आतून खर्र असा आवाज केला.

"हे काय?" दादाने विचारलं.

"नवीन टायर आहेत. रबर बसतंय," मास्तर म्हणाले.

"रबर पायातल्या चपलेत बसतं मास्तर, टायरमध्ये नाही."

मास्तरांनी ते ऐकलं नाही. "ताई, तो इंजिनचा दिवा तेवढा घालवून द्या. तीनला हिची टेस्ट आहे. दिवा लागलेली गाडी परीक्षक दारातूनच परत पाठवतात."

"स्कूलची दुसरी गाडी न्या की."

"ती परवा एका विद्यार्थ्याने खांबाला टेकवली. पुढून."

"मग टेस्ट पुढे ढकला."

"नाही ढकलता येत," हे काकू म्हणाल्या. त्या अजून स्टीअरिंग धरूनच बसल्या होत्या, जणू सोडलं तर कुणी घेऊन जाईल. "माझा शिकाऊ परवाना उद्या संपतो. आज नाही झालं तर पुन्हा पहिल्यापासून. अर्ज, लेखी परीक्षा, सगळं."

काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांना गाडी कशासाठी हवी ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बहीण तासाभराच्या अंतरावर राहते. आजारी वगैरे नाही, नुसती गप्पिष्ट आहे. मास्तर त्यांना तिकडे न्यायचे, पण चहाचा कप खाली ठेवायच्या आत घड्याळ बघायचे. तीस वर्षांत बहिणी-बहिणींचं एकही बोलणं पूर्ण झालेलं नाही. काकूंना ते पूर्ण करायचं होतं.

"मागच्या वेळीच झाली असती पास," मास्तर म्हणाले. "पण पाय जड आहे हिचा. पन्नासच्या रस्त्यावर चोपन्न. रस्त्याच्या कडेला तो वेग दाखवणारा फलक आहे ना, त्यावर लाल अक्षरात चोपन्न! परत आल्यावर परीक्षकाने माझ्याकडे असं बघितलं… मास्तरांची बायको!"

"काटा पन्नासवरच होता," काकू म्हणाल्या.

त्या ज्या आवाजात म्हणाल्या त्यावरून कळलं, की हे वाक्य गेला महिनाभर त्या घरात भाजी वाढताना, कपडे वाळत घालताना, दिवा मालवताना म्हटलं गेलं असणार. त्याची धार गेली होती, पण ते मोडलं नव्हतं.

"काटा पन्नासवर असता तर फलकावर चोपन्न कसे आले असते? काटा खोटं बोलतो का?"

"मी बोलते का?"

तेवढ्यात मास्तरांचे जावई स्कूटरवरून आले. कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतात, गुणी माणूस. "आईंना सोबत म्हणून आलो," म्हणाले आणि फाटकाजवळच उभे राहिले. हेल्मेट काढलं नाही.

मी आत वाकून बघितलं. डॅशबोर्डवर दिव्याच्या जागी ड्रायव्हिंग स्कूलचं व्हिजिटिंग कार्ड खोचलेलं होतं. 'सुरक्षित चालवा, निश्चिंत राहा.' कार्ड काढल्यावर मागे पिवळं, चिमुकलं इंजिन पेटलेलं.

"दिवा कधी लागला मास्तर?"

"काल संध्याकाळी."

स्कॅनर लावला. "काल संध्याकाळपासून दोनशे बारा किलोमीटर झाले?"

मास्तरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. दादा म्हणाला, "हिच्यासमोर नका हो बोलू काही. ही मोजते."

गाडीने नोंद काय केली होती, तर वेगाच्या सिग्नलचा मेळ बसत नाही. म्हणून तिने दिवा लावला होता आणि सावधगिरी म्हणून इंजिनचा जोरही थोडा आवरून धरला होता. चढावर ओढत नाही, असं काकूंनी आठवडाभर सांगितलं होतं, आणि तेही मास्तरांनी पायावरच ढकललं होतं. आठवडाभरापूर्वी पाय जड होता, आता हलका पडत होता.

"या गाडीत वेग सांगणारे दोन आहेत," मी काकूंना सांगितलं, कारण विचारलं त्यांनीच. "एक गिअरबॉक्समधला सेन्सर. तो इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावरून तुमचा काटा हलतो. दुसरे चार सेन्सर चाकांपाशी, ब्रेकसाठी. ब्रेकचा कॉम्प्युटरही आपला आकडा इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. दोन्ही आकडे जुळले तर तो गप्प. नाही जुळले तर त्याला कळत नाही कुणाचं ऐकावं. मग दिवा लावतो."

"आमच्याकडे असंच आहे," काकू म्हणाल्या. "फक्त दिवा नाही."

दादाने निकाल दिला, की गिअरबॉक्सचा सेन्सर गेला. नवीन उद्या मिळेल. "उद्या काय करायचाय!" मास्तर ओरडले. मी म्हटलं, आधी रस्त्यावर बघू या. लिफ्टवर नुसती पुढची चाकं फिरतात, मागची जागच्या जागी. चौघांचं म्हणणं ऐकायचं तर रस्त्यावरच जायला हवं.

काकू चालवायला बसल्या, मास्तर शेजारी, मी मागे मांडीवर स्कॅनर घेऊन. जावईबापूंना मी मागेच बसवलं. ते म्हणाले, मी स्कूटरवरून येतो. मी म्हटलं, या की, हवेशीर आहे. ते हेल्मेट घालूनच गाडीत बसले.

"आरसा," मास्तर म्हणाले.

"बघितला."

"इंडिकेटर."

"तुमच्या कानाशी टिकटिक करतोय तो कोण?"

"क्लच सावकाश. साव-का-श. बाई, ती काही पोळी उलटायची नाहीये…"

"अहो, तुम्ही तुमच्या ब्रेकवरचा पाय काढा आधी. गाडी पुढे जाऊ बघते आणि तुम्ही मागे ओढता. तीस वर्षं झाली."

मी स्कॅनरमध्ये बघत होते. चारही चाकं एका सुरात: चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. गिअरबॉक्स: चव्वेचाळीस. काकूंनी वेग वाढवला, कमी केला, तरी फरक तोच. दहाला एक, दहाला एक. बिघडलेला सेन्सर असा हिशेबात नसतो. तो अडखळतो, मधेच शून्य दाखवतो, रुसतो. हा तर अगदी शहाण्यासारखा दर वेळी नेमका एक दशांश जास्त सांगत होता.

"चार विरुद्ध एक," मी म्हटलं. "गिअरबॉक्स खोटा दिसतोय."

आणि तेवढ्यात तो फलक आला. परीक्षेच्या रस्त्यावरचा, तोच. काकूंनी तो बघताच श्वास रोखला. फलकावर आकडा उमटला: चव्वेचाळीस.

मी स्कॅनरकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. चार शहाणे चुकत होते, आणि एकटा पडलेला बरोबर होता.

"काकू, परत चला," मी म्हटलं.

शेजारी जावईबापूंच्या हेल्मेटची काच धुक्याने भरली होती.

गॅरेजमध्ये आल्यावर मी खडू आणि टेप मागितला. पुढच्या चाकाला खाली जमिनीला टेकतं तिथे खूण केली, जमिनीवर रेघ ओढली, आणि दादाला गाडी एक फेरा ढकलायला लावली. खूण पुन्हा खाली आली तिथे दुसरी रेघ. मधलं अंतर एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर.

"आणि कंपनीच्या चाकाचं?"

दादाने पुस्तक काढलं. "एकशे ऐंशी."

"मास्तर, ही चाकं मोठी आहेत."

"मोठी म्हणजे, भारदस्त आहेत," मास्तर म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी घातली. गाडी जरा उठावदार दिसायला नको? त्या पलीकडच्या स्कूलवाल्यांची गाडी बघा. आपली तिच्याशेजारी उभी केली की खुर्चीशेजारी पाट ठेवल्यासारखी दिसायची."

"पण दिसायला मोठी झाली तशी धावायलाही मोठी झाली. अहो, कॉम्प्युटरला काही रस्ता दिसत नाही. तो फेरे मोजतो. एका फेऱ्यात एकशे ऐंशी सेंटिमीटर, हा पाढा कंपनीने त्याच्याकडून पाठ करून घेतलाय. तुम्ही चाक बदललंत, त्याला कुणी सांगितलं नाही. तो बिचारा जुनाच पाढा म्हणतोय. गाडी दहा टक्के जास्त पळते आणि काट्याला पत्ता नाही. काटा पन्नासवर असतो, तेव्हा…"

मी वाक्य पूर्ण केलं नाही. करायची गरज नव्हती. काकू सावकाश गाडीतून उतरल्या. दार लावलं. इतक्या हळू लावलं की सगळ्यांना ऐकू आलं.

"काटा," त्या म्हणाल्या, "पन्नासवरच होता."

मास्तरांनी तोंड उघडलं. आणि मग, काय सांगू, त्यांना एक पळवाट दिसली. शिकलेला माणूस! "थांबा थांबा. मोठ्या चाकांनी सगळेच कमी सांगणार ना? गिअरबॉक्स पण आणि चाकं पण? मग दोघांचं एकमत असायला हवं. दिवा लागायलाच नको. आणि पहिले दोन महिने लागलाही नव्हता. मग आत्ता का लागला?"

खरं सांगते, प्रश्न अगदी बरोबर होता. नुसत्या मोठ्या चाकांनी ही गाडी काहीच बोलली नसती. सगळे मिळून एकच चूक करत असले की कुणाला शंका येत नाही. कुणीतरी मधे शिरून एकालाच खरं बोलायला लावलं होतं.

"दादा, स्टीअरिंगखालचं झाकण काढ."

"ताई," हेल्मेटमधून आवाज आला. "ते झाकण… जरा जपून. उजवीकडची क्लिप तुटलेली आहे."

सगळे वळले. जावईबापूंनी हेल्मेट काढलं. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

झाकणाच्या आत काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी निघाली. गिअरबॉक्सकडून येणारी वायर कापून मधे जोडलेली. असल्या चिप बाजारात मिळतात. आत आलेला सिग्नल वाढवून किंवा कमी करून पुढे पाठवतात. हिच्यावरचा आकडा दहा टक्क्यांवर लावलेला होता.

आता इथे मास्तरांची पंचाईत बघा. स्वतःच्या मुलाने हे केलं असतं तर त्यांनी गॅरेज डोक्यावर घेतलं असतं. विद्यार्थ्याने केलं असतं तर जन्मभर चालत पाठवलं असतं. पण जावई! मास्तरांचे कान लाल झाले, गळ्याची शीर उठली, आणि तोंडातून बाहेर काय आलं तर: "जावईबापू. आपण. हे उद्योग. केव्हा केलेत?"

"मागच्या रविवारी, बाबा. तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा."

"का केलेत ते कृपा करून सांगाल का?"

"मोबाईलच्या नकाशात वेग दिसतो ना, तो आणि काटा जुळत नव्हते. तीन आठवड्यांपूर्वीच लक्षात आलं. म्हटलं, आईंनी या वेळी पन्नासवर ठेवला तर खरंच पन्नास असावा. तेवढंच. चाकांशी पोचलेल्या वायरी पण आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

जावईबापू सासऱ्यांकडे बघत राहिले. मग दादाकडे, मग माझ्याकडे. कुणीच मदतीला गेलं नाही. "तुम्हाला," ते शेवटी म्हणाले, "चाकं फार आवडली होती बाबा."

काकूंना हसू आलं होतं ते त्यांनी ओठांत दाबलं, पण जावयालाही सोडलं नाही. "म्हणजे तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं मी खरं बोलतेय. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून दोन-दोन वेळा आमटी मागून घेत होतात."

"चुकलं आई."

"ह्यांना सांगायला भ्यायलात ते समजू शकते. मला सांगायला काय झालं होतं?"

घड्याळात सव्वाबारा. मी चिप काढली, वायर होती तशी जोडली. आता कॉम्प्युटरला नवीन चाकाचं माप शिकवता आलं तर मास्तरांची हौसही राहिली असती. पण या गाडीच्या कॉम्प्युटरात मापांची ठरावीक यादी आहे, कंपनीने मान्य केलेली. त्यातलं सगळ्यात मोठं एकशे शहाऐंशी. मास्तरांचं एकशे अठ्ठ्याण्णव यादीत नव्हतंच. शिवाय वळताना ते आत घासत होतं, ते रबर बसण्याचं प्रकरण.

"जुनी चाकं हवीत," दादा म्हणाला. "आहेत की विकली?"

मास्तर आणि काकू एकदम एकमेकांकडे बघायला लागले. जुनी चाकं होती. स्कूलच्या मैदानावर, आडवी टाकलेली, प्रत्येकाच्या मधल्या भोकात एकेक बांबू उभा केलेला. रिव्हर्स पार्किंगचे चार खांब! गेले दोन महिने काकू त्या चाकांमधूनच मागे-पुढे करत होत्या.

जावईबापू पळत गेले. टेम्पो घेऊन आले तेव्हा चौथ्या चाकात बांबू अडकलेला तसाच होता. वर लाल फडकं. टेम्पो रस्त्याने मिरवणुकीसारखा आला म्हणे. दादाने बांबू उपटला, हवा भरली, एकेक करून चाकं चढवली. मास्तर प्रत्येक नट स्वतः तपासत होते, दोनदा. एरवी दादाला याचा राग येतो. आज आला नाही.

मी नोंद पुसली. पिवळं इंजिन मालवलं. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. दिवा पुसता कुणालाही येतो, कारण राहिलं असेल तर तो परत लागतो. म्हणून पुन्हा रस्त्यावर गेलो. चाळीस, चाळीस, चाळीस, चाळीस. गिअरबॉक्स: चाळीस. काकूंनी फलकासमोर काटा नेमका पन्नासवर धरला, आणि फलकावर उमटलं एकोणपन्नास.

"हा एक कुठे गेला?" मास्तरांनी लगेच विचारलं.

"कंपनी काटा जरा पुढेच ठेवते मास्तर. माणसांचा भरवसा नसतो म्हणून."

परत आल्यावर अडीच वाजले होते. परीक्षेचं मैदान इथून दहा मिनिटांवर. तिथपर्यंत मास्तरांनी शेजारी बसणं भाग होतं. त्यांनी दार उघडलं, एक पाय आत टाकला, आणि काकूंनी इंजिन बंद केलं.

"आता काय?"

"म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला माहितीये."

"अगं, उशीर होतोय."

"तुम्हाला एक मिनिट लागेल. मला महिना लागलाय."

दादाने उगाच एक पाना उचलून दुसरीकडे ठेवला. जावईबापू टेम्पोवाल्याशी बोलण्यात गुंतल्यासारखे दिसले, पण टेम्पो केव्हाच गेला होता. मास्तर एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे राहिले. विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगत, चूक झाली की घाबरायचं नाही, थांबायचं, आरशात बघायचं आणि मागे घ्यायची. पण स्वतः मागे घ्यायचा त्यांना सराव नव्हता. पहिल्यांदा नुसता घसा खाकरला.

"काटा," ते म्हणाले. "काटा पन्नासवर होता."

"होता की होताच?"

"पन्नासवरच होता."

"आणि पाय?"

"पाय…" मास्तर थांबले. "पाय चांगला आहे. माझ्या दहा विद्यार्थ्यांत नसेल असा पाय आहे. चाक माझं मोठं होतं."

काकूंनी किल्ली फिरवली. मी जाता जाता डॅशबोर्डकडे बघितलं. किल्लीसरशी सगळे दिवे क्षणभर लागले आणि एकेक करून विझले. पिवळाही.

टेस्टला परीक्षक एकटाच सोबत बसतो, म्हणून काकूंना मैदानावर सोडून मास्तर जावयाच्या स्कूटरवरून परत आले. घरी गेले नाहीत. आमच्या दारात ती मोठी चार चाकं एकावर एक रचलेली होती, त्यावर बसले. दादाने चहा दिला. तो थंड झाला. मी त्यांना विचारलं, या चाकांचं काय करायचं? ते म्हणाले, "मैदानावर टाकू. रिव्हर्स पार्किंगला." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: "खांब जरा उठावदार दिसतील."

पावणेचारला गाडी फाटकाशी आली. खर्र झालं नाही. काकू एकट्याच होत्या. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, आत आल्या, थांबल्या. काच खाली केली. शेजारच्या सीटवर एक शिक्का मारलेला कागद होता. तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पर्स ठेवली होती.

मास्तर उठले आणि तीस वर्षांच्या सवयीने चालवणाऱ्याच्या दाराकडे गेले. दारापाशी पोचल्यावर त्यांना आत माणूस दिसलं.

"पलीकडून," काकू म्हणाल्या. "आणि कागदावर बसू नका."

मास्तर वळसा घालून पलीकडे गेले. कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला, नीट घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, जिथे ते स्वतःचा परवाना ठेवतात. बसले. पट्टा लावला.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"बहिणीकडे. तुम्हाला घराशी उतरवते."

"अगं, मी येतो की."

काकूंनी विचार केला. "आलात तर घड्याळ इथे ठेवून यायचं."

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीतून माझ्या हातात दिलं. गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणावर तिचे मागचे लाल दिवे एकदम लागले, आणि काकूंचा आवाज रस्त्यावरून परत आला:

"पाय! काढा तो पाय!"